मालनताईंची रजेची फाईल

हितेंद्र सरांच्या केबिनमध्ये रजा मागायला गेलेला माणूस हसतच बाहेर यायचा. हीच तर त्यांची खुबी. तोंडावर नाही म्हणणाऱ्या साहेबाशी निदान भांडता तरी येतं, पण हे गृहस्थ कधी नाही म्हणतच नसत. "अरे जा ना बिनधास्त, मी बघतो," असं म्हणायचे, वर पाठीवर हात. माणूस खूश होऊन गावाला जायचा आणि परत येऊन बघतो तर हजेरीत सगळे दिवस गैरहजर. विचारायला गेलं की सर चष्मा काढून शांतपणे म्हणायचे, "मी कधी म्हणालो? लेखी दाखव."

लेखी कोण दाखवणार? पाठीवरच्या हाताचा काय फोटो काढून ठेवतं कोणी?

परळला जुन्या गिरणीच्या जागी एक काचेची इमारत उभी आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये हा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता. स्वप्नील बहिणीच्या लग्नाला पाच दिवस देवगडला जाऊन आला, तर त्याच्या नावावर पाच दिवस बिनपरवानगी गैरहजेरी चढली आणि त्या वर्षीची बढती गेली. पोरगा केबिनमध्ये जाऊन अद्वातद्वा बोलला. मग तेवढं मात्र सरांनी व्यवस्थित लेखी घेतलं. उद्धट वर्तन म्हणून.

या सगळ्यात एकच बाई अशी होती जिच्या वाटेला सर जात नसत. मालनताई परब. लॅब दोन खोल्यांत होती तेव्हापासूनच्या, बावीस वर्षं नोंदणीच्या काउंटरवर. बाई बुटक्या, आवाज बारीक, केसांत रोज अबोलीचा नाहीतर मोगऱ्याचा एवढासा तुकडा. बघून कोणी म्हणणार नाही की या बाईला साहेब टरकून असतो. पण ताईंच्या खणात एक हिरव्या कडेची, नाडीवाली फाईल होती. बावीस वर्षांत घेतलेली, मागितलेली, नाकारलेली प्रत्येक रजा तिच्यात तारखेनं लावलेली. अर्ज, त्याखाली उत्तर. जिथे उत्तर आलंच नाही तिथे ताईंच्या अक्षरात एक कोरडी ओळ: "अमुक तारखेला विचारलं, तमुक तारखेला पुन्हा विचारलं, उत्तर नाही." पोरंपोरी हसायची. मालनताईंची पोथी म्हणायची तिला. ताईही हसायच्या आणि नाडी बांधून खण लावायच्या.

अपूर्वा कासारेही हसणाऱ्यांतली. भोईवाड्यातली पोरगी, सव्वीस वर्षांची, कामाला चलाख, दोन वर्षं झाली होती लागून. वडील गेल्यापासून घर तिच्या नोकरीवर. घरात ती आणि आई सुंदराबाई, बस. आईच्या हृदयाची झडप खराब झालेली. दहा पावलं चालली तरी धाप लागायची. महापालिकेच्या इस्पितळात चार महिने नंबर लावून ठेवला होता, आणि जानेवारीत एकदाची तारीख मिळाली. पाच फेब्रुवारीला दाखल व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तारीख चुकवलीत तर पुन्हा रांगेत मागे. आणि घरचं माणूस चोवीस तास पाहिजे."

घरचं माणूस एकच होतं.

अपूर्वा ती चिठ्ठी घेऊन आनंदानं सरांच्या केबिनकडे निघाली, तर मधेच मालनताईंनी हात धरला.

"खंय चाललंस गो?"

"सरांना सांगायला, ताई. रजा पाहिजे नऊ दिवस."

"सांगायचं नाही. मागायचं. कागदावर." ताईंनी खणातून दोन कोरे कागद काढले. "दोन प्रती कर. कुठली रजा ते लिही, नुसतं 'सुट्टी' नको. हक्काची रजा. पाच ते तेरा, दोन्ही दिवस धरून. शिल्लक किती ते लिही."

"चौदा आहे."

"मग तसं लिही. कारण एका ओळीत. इस्पितळाची चिठ्ठी जोड, पण झेरॉक्स, मूळ आपल्याजवळ. तुझं काम कोण बघेल तेही लिही, म्हणजे त्यांना तो बहाणा उरणार नाही. एक प्रत त्यांना द्यायची, दुसरीवर 'मिळाला' म्हणून सही आणि तारीख घ्यायची. आणि ऑफिसच्या रजेच्या पोर्टलवर पण टाक."

वीस जानेवारी. सरांनी प्रत बघून कपाळाला आठी घातली. "हे काय, तू पण मालनताईंच्या शाळेत?" पण सही केली. अपूर्वा नाचतच बाहेर आली. ताईंनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "मिळाला म्हणजे मंजूर नव्हे. घरात पत्र टाकलं म्हणून पाहुणा आला असं होतं काय? आठ दिवस थांब, मग आठवणीचा मेल. गोड शब्दांत. रागाचं एक अक्षर नको."

आठ दिवसांनी आठवणीचा मेल गेला. उत्तर नाही. पोर्टलवर अर्जासमोर 'प्रलंबित' हा शब्द जो बसला तो हलेना. अपूर्वा दिवसातून दहा वेळा उघडून बघायची. आईची पिशवी भरून झाली होती, साबण, टॉवेल, चटई, सगळं. मुलीची रजा तेवढी लटकलेली.

तीन तारखेला सरांनी स्वतःहून आत बोलावलं. काय ते बोलणं! आधी पाणी दिलं. आईची चौकशी केली, झडप कुठली, डॉक्टर कोण. मग हळूच म्हणाले, "हे बघ अपूर्वा, पोर्टलवरचा आकडा महिन्याला वर जातो. या महिन्यात आधीच चार रजा झाल्यात, पाचवी दिसली की वरचे माझ्या डोक्यावर बसतात. तू एक काम कर. पोर्टलवरची रजा मागे घे आणि जा खुशाल. आल्यावर मी स्वतः नोंदवतो. आतल्या खोलीतल्या नलूला बसवलंय मी तुझ्या काउंटरवर, काही टेन्शन नाही. आईला माझा नमस्कार सांग."

नमस्कार सांग म्हणाले आणि तिथेच पोरगी विरघळली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. आपण या माणसाबद्दल काय काय बोलत होतो, असं वाटून तिनं त्यांच्यासमोर उभ्या उभ्या मोबाईल काढला आणि अर्ज मागे घेतला.

अशी चूक परका माणूस करत नाही. चार महिने आईची धाप ऐकत झोपलेली पोरगीच ती करते. तिला रजा हक्क वाटतच नव्हती, उपकार वाटत होती, आणि उपकार करणाऱ्याकडे कोणी पावती मागत नाही.

मालनताईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "मागे घेतलीस? तुझ्या हातानं?"

"सर म्हणाले ना, ताई. नलूला पण बसवलंय."

ताईंनी रागावून काही उपयोग नव्हता, आणि त्या रागावल्याही नाहीत. खुर्ची ओढली. "बस. मेल लिही. मी सांगते तसा. 'आज सकाळी केबिनमध्ये आपलं बोलणं झालं. आपण सांगितल्यावरून पोर्टलवरचा अर्ज मी मागे घेतला आहे. पाच ते तेराची रजा आपण मान्य केली आहे आणि माझ्या काउंटरवर नलू बसेल, असं मी समजते. समजण्यात चूक असल्यास आजच कळवावं.' बस, एवढंच. सीसीमध्ये मुख्य ऑफिसचं मनुष्यबळ खातं, आणि माझं नाव घाल, काउंटर माझ्याकडे आहे म्हणून."

अपूर्वानं सगळं लिहिलं. अक्षर न् अक्षर. ताई समोर आलेल्या पेशंटचं नाव लिहायला वळल्या आणि अपूर्वाचा अंगठा 'पाठवा'वर येऊन थांबला.

किती कोरडं वाटत होतं ते वाचायला. चोरावर नजर ठेवल्यासारखं. माणूस आईला नमस्कार सांगतो आणि आपण त्याच्या साहेबांना कळवायचं? चिडले आणि परवाची रजाच नाही म्हणाले तर? चार महिने, पुन्हा रांगेत मागे. तिनं मेल मसुद्यात ठेवला आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी निघताना ताईंनी विचारलं, "गेला मेल?"

"गेला, ताई," अपूर्वा म्हणाली. दोन वर्षांत ताईंशी ती पहिल्यांदा खोटं बोलली होती.

मग ते नऊ दिवस. सात तारखेला ऑपरेशन झालं, साडेपाच तास. अपूर्वा वॉर्डाबाहेरच्या चटईवर बसून भिंतीवरच्या सूचना पाठ होईपर्यंत वाचत राहिली. रोज संध्याकाळी मालनताईंचा फोन यायचा. ताई ऑफिसचा चकार शब्द काढत नसत. आई बोलली का, तोंडात काय गेलं, तू जेवलीस का, एवढंच विचारायच्या. एकदा पेजेचा डबाही पाठवला, कुळथाच्या पिठीसकट. सुंदराबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." अपूर्वाला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की ती जिन्यात जाऊन रडून आली.

चौदा तारखेला ती कामावर आली. काउंटरवर पिशवी ठेवते न ठेवते तोच हातात लिफाफा. पाच ते तेरा फेब्रुवारी सलग नऊ दिवस आपण विनापरवानगी गैरहजर होता, पोर्टलवर आपला कोणताही अर्ज नाही, सबब आपण स्वतःहून नोकरी सोडली असं का समजू नये याचा खुलासा अठ्ठेचाळीस तासांत करावा. खाली हितेंद्र सरांची ठसठशीत सही.

ती लिफाफा घेऊन तशीच केबिनमध्ये गेली. "सर, तुम्हीच तर सांगितलं होतं."

सरांनी चष्मा काढला. "मी? पोर्टल बघ. रजा तूच मागे घेतलीयेस. मला वाटलं, ऑपरेशन पुढे गेलं."

 इस्पितळातून आणलेली आई घरी पलंगावर होती, सहा महिने तिच्या गोळ्या चुकवायच्या नव्हत्या आणि लेकीची नोकरी एका कागदावर आली होती.

संध्याकाळी मालनताई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. चहा झाला, अपूर्वानं लिहून आणलेला खुलासा पुढे ठेवला. चांगली तीन पानं. त्यात सर खोटारडे होते, स्वप्नीलच्या रजेचं प्रकरण होतं, देव बघतोय असंही होतं.

ताईंनी चष्मा लावून शांतपणे वाचला. मग पट्टी घेऊन एकेक ओळ खोडायला लागल्या. "खोटारडे हे काढ. ते तुझं मत आहे, माहिती नव्हे. स्वप्नीलचं त्यानं बोलावं. देवाचं मुख्य ऑफिसला काय करायचंय? तारखा लिही. वीस जानेवारी अर्ज दिला, सही मिळाली, प्रत जोडली. अठ्ठावीसला आठवण, मेल जोडला. तीन तारखेला तोंडी काय बोलणं झालं, त्यांच्या शब्दांत. अर्ज मी मागे घेतला हे आपणच आधी लिहायचं, ते लपवलं की बाकीचं सगळं खोटं दिसतं. दाखल केल्याचा कागद, सोडल्याचा कागद जोड."

"आणि तीन तारखेच्या मेलचं, ताई?" विचारलं अपूर्वानंच, आणि मान खाली घातली. ताईंनी पेन तिच्यापुढे सरकवलं. तेव्हा तिनं स्वतःच पेन घेतलं आणि लिहिलं: "या बोलण्याला दुजोरा देणारा मेल मी त्या दिवशी लिहिला, पण पाठवला नाही. ही माझी चूक आहे."  आता ताई कागद भिरकावतील, खोटं बोललीस म्हणतील, असं वाटून ती वाट बघत बसली.

ताईंनी ती ओळ वाचली. 'दुजोरा'तला एक काना पुसट होता तो नीट केला आणि म्हणाल्या, "शेवटी आणखी एक ओळ घाल. 'पाच ते तेरा फेब्रुवारीचं काउंटरचं पाळी-रजिस्टर मागवून पाहावं, ही विनंती.'"

"त्यात काय आहे?"

"रजिस्टर ऑफिसचं. त्यात पेशंटची नावं असतात. आपण त्याचे फोटो काढायचे नाहीत, पान घरी आणायचं नाही. ऑफिसनं मागवलं की ऑफिसच बघेल. तू लिही तर."

खुलासा एका पानात बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांना दिला, पोच घेतली, आणि मुख्य ऑफिसला मेलनं पाठवला. यावेळी अंगठा थांबला नाही. सीसीमध्ये मालनताई.

दुपारी सर काउंटरपाशी येऊन उभे राहिले. गोड आवाज. "मालनताई, तुमची दोन वर्षंच राहिलीत ना आता? शांतपणे काढा की. लहान पोरांच्या भानगडीत कशाला पडता?"

"होय हो," ताई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचं वय विचारलं. सर गेल्यावर त्यांनी फाईलीतल्या एका कागदावर वेळ आणि सरांचं वाक्य लिहून ठेवलं. अपूर्वा हे बघत होती. ही बाई घाबरत नव्हती असं नाही, लिहिण्याआधी तिनं दोनदा केबिनच्या दाराकडे पाहिलं होतं. पण अक्षर मात्र सरळ आलं.

सोमवारी दादरच्या मुख्य ऑफिसातून सुचित्रा मॅडम आल्या. मनुष्यबळ खात्याच्या. कमी बोलणाऱ्या, नखं कापलेली, वही स्वतःची. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला अपूर्वा, आणि काउंटरची जबाबदारी म्हणून मालनताई.

सरांनी पोर्टलचा छापील कागद पुढे सरकवला. अर्ज मागे घेतला, कर्मचाऱ्याकडून, तीन फेब्रुवारी. "यापुढे मी काय बोलू?" म्हणाले.

मॅडमनी अपूर्वाकडे पाहिलं. "हे तुम्हीच केलंत?"

"हो. सरांनी सांगितलं म्हणून. पण केलं मीच."

"त्यांनी सांगितलं याचा पुरावा?"

"नाही, मॅडम. वीस तारखेला अर्ज दिल्याचा आहे. सांगितल्याचा नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. अपूर्वाला वाटलं, झालं, संपलं.  मग मॅडमनी जाडं निळं रजिस्टर पुढे ओढलं. "तुम्ही हे पाहायला सांगितलंय."

काउंटरच्या पाळीचं रजिस्टर हे लॅबमधलं सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक. रोज पाळी संपली की किती नमुने आले, किती आत गेले, कोणता परत पाठवला, काउंटरवर कोण होतं, हे मालनताई लिहायच्या आणि खाली व्यवस्थापकांनी वाचून सही करायची. तपासणीला बाहेरची माणसं येतात तेव्हा पहिलं तेच मागतात. सर रोज संध्याकाळी निघताना उभ्या उभ्या, एका हातात गाडीची किल्ली धरून, सही ठोकायचे.

मॅडमनी पाच तारखेचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "'काउंटर दोन: अपूर्वा कासारे हक्काच्या रजेवर, पाच ते तेरा, आईचं ऑपरेशन. व्यवस्थापकांच्या तोंडी परवानगीनुसार. त्यांच्याच सांगण्यावरून जागी नलू.' खाली सही." पान उलटलं. "सहा तारीख. हेच. सही." पुन्हा उलटलं. "सात. 'आज ऑपरेशन.' सही."

मॅडम पानं उलटत गेल्या. नऊ पानं. नवापैकी एक रविवार, त्या दिवशी सरांची सुट्टी, म्हणून तिथे ताईंची एकटीची सही. बाकी आठही पानांवर हितेंद्र सरांची तीच ठसठशीत सही, पत्राखाली होती तशीच.

"आठ दिवस तुम्ही सही केलीत की ही मुलगी तुमच्या परवानगीनं रजेवर आहे," मॅडम म्हणाल्या. "नवव्या दिवसानंतर तुम्हाला कळलं की ती पळून गेली?"

सर हसले. हसू जरा उशिरा आलं. "मॅडम, रोजचं रजिस्टर ते. कोण वाचतं? मी नुसती सही करतो."

मालनताईंनी पहिल्यांदाच मान वर केली.  आपण काय बोलून गेलो ते सरांना त्याच क्षणी कळलं.

"नमुन्यांच्या नोंदीवर तुम्ही न वाचता सही करता," मॅडमनी सावकाश लिहून घेतलं. "असं लिहू मी? की वाचून केली होती, असं लिहू? दोन्हीपैकी एक सांगा, मी तसं लिहिते."

सरांनी चष्मा काढून पुसला. आणि मग म्हणाले, "वाचली असेल. कामाच्या गडबडीत लक्षात राहिलं नसेल."

"म्हणजे परवानगी होती."

"तसं म्हणता येईल."

सुचित्रा मॅडमनी वही मिटली. पत्र मागे घेतलं जाईल, नऊ दिवस हक्काच्या रजेत धरले जातील, असं म्हणाल्या.  अपूर्वाला उठून पाया पडावं असं वाटलं. पण ती खुर्चीतच बसून राहिली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, हे लिहून मिळेल का? तारखेसकट."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. "संध्याकाळपर्यंत मेल येईल. आणि सर, यापुढे इथल्या प्रत्येक रजेच्या अर्जाला तीन दिवसांत पोर्टलवर उत्तर. हो किंवा नाही, कारणासकट. तेही त्याच मेलमध्ये लिहिते."

साडेपाचला मेल आला. स्वप्नीलनं तो चार वेळा वाचून घेतला आणि ताईंना वाकून नमस्कार केला. ताईंनी त्याला हाकललं. नलूनं सगळ्यांना चहा आणला. केबिनचं दार बंद होतं.

सगळे पांगल्यावर अपूर्वा ताईंच्या खुर्चीपाशी आली. मनात सलत होतं ते बोलल्याशिवाय तिला घरी जाववेना. "ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मेल गेला म्हणाले. खुलासा वाचलात तेव्हा तुम्हाला कळलं असेल, तरी तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत."

"खुलासा वाचून कसलं कळतंय," ताई केसांतली अबोली सारखी करत म्हणाल्या. "मला तीन तारखेलाच कळलं होतं."

"कसं?"

"सीसीत माझं नाव घालायला सांगितलं होतं ना? तू 'गेला' म्हणालीस. घरी जाऊन बघितलं, मला काही आला नव्हता."

 मग अपूर्वाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पाच तारखेचं पान. पहिल्या दिवसापासूनची ती ओळ. एरवी रजिस्टरात कोणाच्या रजेबद्दल 'रजा' एवढा एकच शब्द असतो. "म्हणून तुम्ही रोज एवढं लिहीत होता?"

"रोज लिहायचं आणि रोज वाटायचं, आज वाचतील आणि खोडायला सांगतील. वाचलं असतं आणि 'हे खरं नाही' म्हणाले असते, तर तेही बरं झालं असतं. तुला त्याच दिवशी फोन करून सावध करता आलं असतं. पण वाचतंय कोण!"

"पण मग मला फोनवर का नाही बोललात? रोज फोन करत होता. मी तिथूनच पाठवला असता."

मालनताईंनी खण उघडला, फाईल आत ठेवली, पुन्हा बाहेर काढली. "अगो, तू आईच्या उशाशी होतीस," त्या म्हणाल्या. "तिची नाडी बघायची की साहेबाची? तेवढे नऊ दिवस मी बघू शकत होते, म्हणून मी बघितलं."

 रडू आवरायला म्हणून अपूर्वानं मोबाईल काढला. मसुद्यात तो मेल अजून तसाच पडला होता. 'आज सकाळी केबिनमध्ये आपलं बोलणं झालं.' बाजूला तारीख, तीन फेब्रुवारी. बघून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पुसायला बोट नेलं.

"पुसू नको," ताई म्हणाल्या.

"न पाठवलेला मेल ठेवून काय करू, ताई?"

"छापून काढ." ताईंनी खणाच्या तळातून एक कोरी फाईल काढली. हिरवी कड, नाडी, आत एकही कागद नाही. कधीपासून आणून ठेवली होती कोण जाणे. ती अपूर्वाच्या हातात दिली. "वीस तारखेची पोच सगळ्यात खाली लाव. त्यावर हा, मग खुलासा, वर मॅडमचा मेल. आपली चूकसुद्धा तारखेनं लावलेली असावी, म्हणजे पुढच्या पोरीला दाखवता येते."

अपूर्वानं मेल छापून काढला, दोन भोकं पाडली आणि नाडीत ओवला. मग घरी जाऊन आईला पेज करून घातली, मीठ बरोबर टाकून.